गुरुवारच्या फोन-इनची संहिता: प्रकल्प नोंदी

२ जून

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर शेतीचा कार्यक्रम आजवर रेकॉर्ड करूनच लागायचा. या खरिपापासून तो दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला थेट लागणार आहे. पाऊण तास, समोर कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ आणि श्रोत्यांचे फोन. निवेदन ताई करतील. त्यांचा आवाज पंचक्रोशीत ओळखीचा आहे, पण थेट फोन घेण्याची त्यांना सवय नाही. माझ्याकडे काम आलंय ते दोन गोष्टींचं: कार्यक्रमाची लिहिलेली सुरुवात, आणि कुणी वेडंवाकडं बोललं किंवा भलत्याच विषयात शिरलं तर ताईंनी काय म्हणायचं, त्याची तयार वाक्यं. सगळं एका जाड कागदाच्या कार्डावर बसलं पाहिजे, कारण फोन चालू असताना पान उलटायला हात रिकामा नसतो.

आज सुरुवात लिहायला घेतली. रेकॉर्डेड कार्यक्रमाची जुनी सुरुवात काढून ऐकली. स्वागत, शुभेच्छा, बळीराजाचा गौरव, पावसाची वाट, आणि विषय येईपर्यंत दीड मिनिट गेलं. फोन-इनला हे चालणार नाही. पुढे कुणाला थांबवायची वेळ आली तर ताईंना बोट दाखवायला एखादा आधी सांगितलेला नियम लागतो, आणि तो सांगायची जागा सुरुवातच. नियम आधी कानावर पडलेला असला की फोन थांबवणं हा ताईंचा रुसवा वाटत नाही.

पहिला मसुदा असा:

"नमस्कार मंडळी. साडेसहा वाजलेत, आपला शेतीचा फोन-इन सुरू होतोय. आज बोलायचंय फक्त सोयाबीनच्या पेरणीवर. बियाणं, उगवणशक्ती, बीजप्रक्रिया आणि पेरणी कधी करायची, एवढंच. कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ माझ्यासमोर बसलेत. तुम्ही फोन लावला की आमची सहकारी तुमचं नाव, गाव आणि प्रश्न लिहून घेईल आणि तुम्हाला परत फोन करेल. बोलताना जवळचा रेडिओ बंद ठेवा. एका फोनला दोन मिनिटं, म्हणजे मागच्यांचाही नंबर लागेल. कुठल्या दुकानाचं, माणसाचं किंवा पक्षाचं नाव मात्र हवेवर घ्यायचं नाही. घेतलं तर मला फोन मध्येच थांबवावा लागेल, आणि हा नियम सगळ्यांना सारखा आहे. चला, पहिला फोन घेऊया."

ताईंनी वाचून पाहिलं, पाऊण मिनिटात बसतं. त्यांनी एकच बदल सुचवला. मी "आपणांस विनंती" असं काहीतरी घातलं होतं, ते त्यांनी खोडलं. त्यांच्या मते विनंती केली की लोक ती मान्य करायची की नाही यावर विचार करतात. बरोबर आहे.

५ जून

पहिला थेट कार्यक्रम. शिवी वगैरे कुणी दिली नाही. त्रास झाला तो रेडिओचा. माणूस फोनवर बोलतोय आणि शेजारी त्याचाच रेडिओ मोठ्याने चालू. तो आवाज फोनमधून परत आमच्याकडे, तिथून हवेवर, आणि मग शिट्टी. सुरुवातीत सांगितलेलं असतं, पण फोन करणारे निम्मे लोक सुरुवातीनंतरच रेडिओ लावतात. म्हणून तेच वाक्य फोन घेणाऱ्या सहकारीनेही म्हणायचं, आणि प्रत्येक जिंगलनंतर ताईंनी विषय आणि नियम एका ओळीत पुन्हा सांगायचा, असं ठरलं.

हवेवरचं वाक्यही ठरलं: "काका, जवळ रेडिओ चालू आहे, तो बंद करा, मी थांबते." यातलं "मी थांबते" गाळायचं नाही. ते नसेल तर माणूस बोलता बोलताच रेडिओकडे चालत जातो, आणि श्रोत्यांना अर्धा प्रश्न नि खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू येतो.

परत फोन करण्याची पद्धत मात्र पहिल्याच दिवशी पटली. सहकारी नाव, गाव, प्रश्न लिहून घेते, फोन ठेवायला सांगते आणि पाळी आली की आपण लावते. श्रोत्याचा बॅलन्स वाचतो, आणि गंमत म्हणून फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या फोनपर्यंत टिकत नाहीत.

९ जून

आज तंत्रज्ञाबरोबर टेबलावर बसलो. फोन हायब्रिड नावाच्या जोडयंत्रातून मिक्सरवर येतो आणि फोनवरच्या माणसाला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळा कार्यक्रम ऐकू जातो. म्हणजे फोनचा फेडर, आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढला तर त्याचा आवाज हवेवर जायचा बंद होतो, पण ताईंचं बोलणं त्याला ऐकू येत राहतं. ताईंना वाटत होतं की फेडर ओढणं म्हणजे तोंडावर फोन आपटणं. तसं नाही. फेडर खाली, मग वाक्य, ते वाक्य त्याला ऐकू जातं, आणि त्यानंतर तंत्रज्ञ लाइन सोडतो.

क्रम हाच ठेवायचा: आधी हात, मग तोंड. उलट केलं तर दोघं एकाच वेळी बोलतात आणि श्रोत्याला भांडण ऐकू येतं. त्यात जिंकतो तो मोठ्याने बोलणारा, आणि तो निवेदक कधीच नसतो. फोनचा फेडर आजपासून ताईंच्या डाव्या हाताखाली.

१२ जून

आज कार्डावरच्या वाक्याची खरी परीक्षा झाली. एक काका. आवाज शांत, प्रश्न लिहून दिलेला: उगवण कमी झाली तर काय करावं? हवेवर आल्यावर त्यांनी गेल्या वर्षीची हकिगत सुरू केली. बियाणं पेरलं, निम्मंसुद्धा उगवलं नाही, आणि "हे बियाणं मी घेतलं ते आपल्या स्टँडसमोरच्या" इथपर्यंत आले. ताईंचा हात गेला. दुकानाचं नाव हवेवर गेलं नाही.

असा फोन उद्धटही नाही आणि खरं तर विषयाबाहेरचाही नाही. माणसाचं नुकसान झालंय. तिथे नुसतं "नाव घेऊ नका" म्हणून पुढचा फोन घेतला तर ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटणार की रेडिओ दुकानदाराला सांभाळतोय. म्हणून या वाक्याला तीन तुकडे दिले होते: थांबवणं, कारण, आणि पुढची वाट. ताईंनी म्हटलं ते असं:

"काका, दुकानाचं नाव इथं नको, कारण त्यांची बाजू सांगायला ते इथं नाहीत. पण बियाणं उगवलं नाही तर तक्रार कुठं करायची, ते आत्ताच साहेबांना विचारूया."

मग फेडर वर. काका थांबले होते. त्यांचा मुद्दा संपला नव्हता, फक्त नाव गाळलं गेलं होतं. तज्ज्ञांनी सांगितलं की बियाण्याची पावती, पिशवी आणि पिशवीवरचं लॉट नंबर असलेलं लेबल जपून ठेवायचं, पिशवीत थोडं बियाणं शिल्लक ठेवायचं, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची आणि समिती येऊन पाहणी करेपर्यंत ते रान मोडायचं नाही. अनेकांचं इथेच चुकतं. दुबार पेरणीच्या घाईत रान मोडतात आणि दाखवायला काही उरत नाही.

तिथून ताईंनी काकांना आजच्या विषयावर आणलं: "मग यंदा पेरायच्या आधी घरीच कसं बघायचं?" शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, गोणपाट ओलसर राहील असं बघायचं, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलोचं नेहमीचं प्रमाण चालतं. साठच निघाले तर ३५ किलोपर्यंत न्यावं लागतं. फार खाली आले तर ते बियाणं पेरूच नये. काकांनी आकडे पुन्हा विचारून लिहून घेतले. फोन दोन मिनिटांच्या वर गेला, पण आज त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

एक गोष्ट कार्डावर लाल पेनने वाढवली. कारण म्हणून "नियम आहे" एवढंच म्हणायचं नाही. "त्यांची बाजू सांगायला ते इथं नाहीत" हे कारण चावडीवर बसलेल्या माणसालाही पटतं. आकाशवाणीची प्रसारण संहिता सामुदायिक रेडिओला लागू आहे आणि बदनामीकारक मजकूर तीत बसत नाही हे खरंच, पण संहितेचं नाव काढलं की काकांच्या डोळ्यांसमोर सरकारी कचेरी उभी राहते.

१९ जून

कर्जमाफीचा फोन येणार हे माहीतच होतं, आज आला. विषय बीजप्रक्रियेचा, भाऊंनी सुरुवात केली कर्जापासून आणि दुसऱ्या वाक्यात एका पक्षावर पोहोचले.

माझं तयार वाक्य असं होतं: "क्षमा करा, हा आजचा विषय नाही आणि सामुदायिक रेडिओवर राजकीय चर्चेला परवानगी नाही." खरं आहे, पण कानाला कोरडं लागतं. ताईंनी ते बाजूला ठेवलं आणि आपलं म्हटलं:

"भाऊ, कर्जाचा त्रास खोटा नाही. पण त्यावर इथं बोललो तर आमच्या परवान्याला अडचण येते. बीजप्रक्रियेचं काही विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर पुढचा फोन घेते."

भाऊ हसले आणि रायझोबियमचं विचारलं. बुरशीनाशक आधी की रायझोबियम आधी? बुरशीनाशक आधी, रायझोबियमसारखं जिवाणू संवर्धक शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. कार्डावर आता ताईंचं वाक्य आहे, माझं गेलं.

रेकॉर्डिंग परत ऐकताना लक्षात आलं की हे वाक्य चालतं त्याला आणखी एक कारण आहे. ते मोकळ्या प्रश्नावर संपत नाही. "असं का बोलता?", "मी काय म्हणतेय, कळलं ना?" अशा प्रश्नांनी थांबवायला गेलं की समोरच्याला पुन्हा बोलायची पाळी मिळते, आणि ती तो घेतोच. थांबवणाऱ्या वाक्याचा शेवट विधानाने तरी व्हावा, नाहीतर दोनच वाटा असलेल्या पर्यायाने. या कसोटीवर बाकीची वाक्यं तपासली. "काका, जरा समजून घ्या ना" हे कार्डावरून काढलं.

फेडर खाली घेतल्यावर ताईंनी "काका", "भाऊ" म्हणायचं की नाही यावर थोडा वाद झाला. तंत्रज्ञाचं म्हणणं, उद्धट माणसाला कसलं काका? ताईंचं म्हणणं, नातं सोडलं की भांडण सुरू झाल्याचं सगळ्यांना कळतं. मी ताईंच्या बाजूने. नातं ठेवायचं, "अहो-जाहो" सोडायचं नाही, आणि फोन संपवल्याक्षणी "मंडळी" म्हणून श्रोत्यांकडे वळायचं.

२३ जून

विलंब यंत्रणा बसली. तंत्रज्ञाने स्टुडिओच्या संगणकावर लावून दिली आहे. स्टुडिओत बोललेलं आता सात सेकंदांनी हवेवर जातं, आणि काही गडबड झाली तर बटण दाबून ते सात सेकंद टाकून देता येतात.

यामुळे दोन गोष्टी बदलल्या. ताईंनी हेडफोनवर हवेवरचा आवाज ऐकायचा नाही, स्टुडिओतला ऐकायचा. नाहीतर स्वतःचंच बोलणं सात सेकंद मागून कानात येतं आणि जीभ अडखळते. फोनवरच्या माणसाने रेडिओ चालू ठेवला तर त्याचंही हेच होतं. आता शिट्टी होत नाही, तो स्वतःला उशिरा ऐकतो आणि गप्प बसतो. म्हणजे रेडिओ बंद करायचं वाक्य आता जास्तच गरजेचं.

दुसरी गोष्ट अशी की बटण दाबलं की साठवण रिकामी होते आणि आपण थेट हवेवर येतो. साठवण परत भरेपर्यंत पुढच्या फोनला संरक्षण नाही. म्हणून बटण दाबल्यावर ताईंनी एक वाक्य म्हणायचं, लगेच गाणं, आणि तंत्रज्ञाने मान हलवल्याशिवाय फोन घ्यायचा नाही.

२६ जून

आज बटण दाबावं लागलं. माणूस प्यायलेला होता. सहकारीला त्याने प्रश्न अगदी व्यवस्थित सांगितला होता, परत फोन केला तेव्हाही नीट बोलला. हवेवर आल्यावर ताईंना उद्देशून घाणेरडं बोलला. लिहून घेण्याच्या चाळणीतून असा फोन सुटतोच. तिच्याने गोंधळ कमी होतो, पण त्याहून जास्त भरवसा तिच्यावर ठेवू नये.

ताईंचा हात फेडरवर गेला, तंत्रज्ञाने बटण दाबलं, आणि ताई म्हणाल्या, "मंडळी, हा फोन मी इथं थांबवते. एक गाणं ऐकूया, मग परत सोयाबीनकडे."

यात त्यांनी जे म्हटलं नाही ते जास्त महत्त्वाचं. श्रोत्यांनी ती शिवी ऐकलेलीच नव्हती. त्यांच्या रेडिओवर त्या माणसाचा प्रश्न अर्ध्यात तुटला आणि ताईंचा आवाज आला, एवढंच. तिथे "अशा भाषेबद्दल मी माफी मागते" म्हटलं असतं तर ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना कळलं असतं की काहीतरी झालं, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं काय झालं याची चर्चा पारावर रंगली असती. म्हणून कार्डाच्या आता दोन बाजू आहेत. पुढची बाजू बटण वेळेत लागलं तेव्हासाठी: माफी नाही, उल्लेख नाही, नुसतं "थांबवते" आणि पुढे. मागची बाजू शब्द हवेवर गेला तेव्हासाठी: "मंडळी, आत्ता जे कानावर पडलं त्याबद्दल केंद्रातर्फे दिलगीर आहे. असं बोलणं या कार्यक्रमात चालत नाही." एकदाच. तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, त्यावर भाष्य करायचं नाही आणि तज्ज्ञांना मत विचारायचं नाही. कुणाच्या जातीवरून बोललेलं असेल तर हीच मागची बाजू, आणि रेकॉर्डिंग त्याच रात्री वेगळं काढून केंद्रप्रमुखांकडे. प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपावंच लागतं, पण विलंबाच्या आधीचा आवाजही आम्ही आता वेगळा साठवतो, कारण टाकून दिलेले सात सेकंद हवेवरच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाहीत.

मी आधी "फोन तुटला" असं लिहून ठेवलं होतं. सोपं वाटतं, पण ताईंना ते नको होतं. केंद्राचा आवाका दहा-बारा किलोमीटरचा. ज्याचा फोन थांबवला तो पारावर सांगणारच की फोन तुटला नाही, बाईंनी बंद केला. एकदा असं पकडलं गेलं की पुढे खरंच फोन तुटला तरी कुणी मानणार नाही. "थांबवते" हे खरं आहे आणि त्यावर कुणाला काही म्हणता येत नाही.

याच आवाक्यामुळे आणखी एक पथ्य: उद्धट माणसाला हवेवर लाजवायचं नाही, टोमणाही नाही. आवाजावरून त्याचं घर ओळखणारे शेकडो लोक ऐकत असतात, आणि सकाळी त्याच्या बायकोला दळण घेऊन गिरणीत जायचं असतं.

३० जून

पावसाने ओढ दिली आहे. दुबार पेरणीचे फोन वाढतील म्हणून आज सराव घेतला, आणि त्यात सगळ्यात अवघड फोन मुद्दाम घातला: माणूस पेरणीचं बोलता बोलता "आता जगण्यात राम नाही" म्हणतो. वरवर पाहिलं तर हा विषयाबाहेरचा फोन, आणि कार्डाची सवय लागलेला हात फेडरवर जातो. सरावात ताईंचाही गेला. इथे हात जायला हवाच, पण वेगळ्या कारणासाठी, त्या माणसाची अब्रू राखायला. लाइन मात्र सुटता कामा नये.

"दादा, फोन ठेवू नका. मी गाणं लावते आणि तुमच्याशी बोलायला आमच्या सहकारीला देते."

बटण दाबायचं, म्हणजे त्याचं ते वाक्य गावभर जाणार नाही. सहकारीने फोन हातात घेऊन बोलत राहायचं, सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं, जवळ घरचं कोण आहे ते विचारायचं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर द्यायचा आणि जीवाला लगेच धोका वाटला तर दुसऱ्या फोनवरून ११२ लावायचा. गाणं कुठलं ते तंत्रज्ञाने आधीच काढून ठेवलंय, दुःखाचं नाही आणि लग्नाचंही नाही, नुसती बासरी. परतल्यावर ताईंनी त्या फोनबद्दल काही बोलायचं नाही. कार्यक्रमाच्या शेवटी मात्र दर गुरुवारी, असा फोन आला असो वा नसो, किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ बरोबर १४४१६ सांगायचा. दर वेळी सांगितला की कुणाकडे बोट जात नाही.

हे कार्ड वेगळ्या रंगाचं केलं. चिडलेल्या माणसाच्या वाक्यांबरोबर ते ठेवलं तर घाईत चुकीची ओळ डोळ्यांसमोर येईल.

१० जुलै

कार्ड छापून आलं. अक्षरं मोठी, ओळी थोड्या, मिक्सरच्या डाव्या बाजूला. सुरुवातीतलं "फक्त सोयाबीनच्या पेरणीवर" आता "सोयाबीनची आंतरमशागत आणि तण" झालंय. बाकी सगळं तेच राहिलं. आज एका मावशींनी नवऱ्याची तक्रार सुरू केली, त्यावर कार्डावर ओळ नव्हती. ताई म्हणाल्या, "मावशी, ते कार्यक्रमानंतर आपण दोघी बोलू, आता तणाचं सांगा." नंतर खरंच अर्धा तास बोलल्या. ओळ कार्डावर घेतली, पण खाली कंसात लिहिलं: बोलणार असाल तरच म्हणा.

ऑगस्टपासून मंगळवारी महिलांच्या आरोग्याचा फोन-इन सुरू करायचा विचार आहे. तिथे ही सुरुवात चालणार नाही. नाव आणि गाव विचारलं तर पाळीबद्दल किंवा अंगावरून जाण्याबद्दल एकही बाई फोन करणार नाही. फोन घेणाऱ्या सहकारीने फक्त वय आणि प्रश्न लिहायचा, परत फोन करायचा की नाही ते बाईने सांगायचं, कारण फोन बहुतेक घरातल्या पुरुषाचा असतो. परत फोन केला नाही तर चाळणीही गेली, तेव्हा सगळा भार विलंबावर आणि ताईंच्या डाव्या हातावर येणार. सोमवारी डॉक्टरबाईंबरोबर बसून पहिला मसुदा करायचा आहे.